शनिवारी निघून शुक्रवारी पोहोचताना: वाररेषेचा हिशोब

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून कुक बेटांवरच्या रारोटोंगाला जाणारं विमान शनिवारी सकाळी सुटतं आणि शुक्रवारी दुपारी उतरतं. तिकिटावर हे पहिल्यांदा पाहिलं की छपाईची चूक वाटते. चूक नसते. खरी चूक पुढे होते: प्रवासी निघण्याची तारीख धरून हॉटेल घेतो आणि एक दिवस आधीच खोलीच्या दारात उभा राहतो. म्हणून आधी हे का घडतं ते थोडक्यात पाहू, मग तारीख स्वतः कशी काढायची ते, आणि शेवटी बुकिंग नेमकं कुठे बिनसतं ते.

तारीख मागे का जाते

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. त्यामुळे पूर्वेला १५ अंश सरकलं की घड्याळ साधारण एक तास पुढे आणि पश्चिमेला सरकलं की एक तास मागे. आता ग्रीनिचहून दोघे जण एकाच वेळी निघाले अशी कल्पना करा. एक पूर्वेकडे जातो, एक पश्चिमेकडे, आणि दोघेही दर १५ अंशांना आपापलं घड्याळ इमानदारीने लावत राहतात. १८० अंशांवर दोघांची गाठ पडते तेव्हा पूर्वेच्या वाटेने आलेल्याचं घड्याळ ग्रीनिचच्या १२ तास पुढे असतं, पश्चिमेच्या वाटेने आलेल्याचं १२ तास मागे. डोक्यावर सूर्य तोच, काटेही एकाच जागी, पण दोघांच्या हिशोबात २४ तासांचा फरक. एकाचा शनिवार, दुसऱ्याचा शुक्रवार.

हा फरक कुठेतरी मिटवावाच लागतो. तो जिथे मिटवायचा ती जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा. आशियाच्या बाजूने अमेरिकेच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की एक दिवस वजा होतो. उलट दिशेने ओलांडली की एक दिवस वाढतो.

ही रेषा आखण्यापूर्वी खलाशांना हा फरक बंदरात पोहोचल्यावर कळायचा. मॅगेलनच्या मोहिमेतलं पृथ्वीप्रदक्षिणा करून परतणारं व्हिक्टोरिया हे जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांना लागलं, तेव्हा जहाजाच्या नोंदीनुसार बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. नोंदी ठेवणाऱ्या पिगाफेत्ताने एकही दिवस गाळला नव्हता. पश्चिमेकडे जाता जाता त्यांचा प्रत्येक दिवस किंचित लांबत गेला होता, आणि तीन वर्षांत त्याचा मिळून एक अख्खा दिवस झाला होता.

रेषा नकाशावर नाही, घड्याळात शोधा

ही रेषा १८० अंशांच्या रेखावृत्ताला चिकटून सरळ जाते असं समजून हिशोब केला तर फसगत होते. कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने ती पक्की केलेली नाही. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचं मूळ रेखावृत्त ठरलं, वाररेषा नाही. प्रत्येक देश आपली प्रमाणवेळ स्वतः ठरवतो आणि रेषा त्याप्रमाणे वाकते. टोंगा १८० अंशांच्या पलीकडे, पश्चिम रेखांशात आहे, पण तारीख न्यूझीलंडच्या बाजूची पाळतो.

सर्वांत मोठं वळण किरिबातीपाशी आहे. या देशाची बेटं रेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती, त्यामुळे एकाच सरकारच्या कचेऱ्यांत दोन तारखा चालायच्या. १९९४ संपून १९९५ सुरू होताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस गाळला आणि अख्खा देश एका तारखेवर आला. परिणाम असा की किरितिमाती बेट आणि हवाईतलं होनोलुलू जवळपास एकाच रेखांशावर आहेत, दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ असते, पण तारखेत पूर्ण एका दिवसाचं अंतर. म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिणोत्तर उडूनही तारीख बदलते. रेखांश मोजत बसलात तर हे कधीच सापडणार नाही.

तेव्हा रेषा कुठे आहे हे विसरून जा. दोन्ही ठिकाणांची यूटीसीशी असलेली तफावत माहीत असली की पुरे. यूटीसी म्हणजे जागतिक संदर्भवेळ. ऑकलंड हिवाळ्यात तिच्या १२ तास पुढे आणि उन्हाळ्यात १३ तास पुढे असतं. रारोटोंगा वर्षभर १० तास मागे, होनोलुलूही वर्षभर १० तास मागे, टोकियो वर्षभर ९ तास पुढे.

तारीख काढण्याच्या तीन पायऱ्या

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. समजा विमान ऑकलंडहून शनिवार, १० जानेवारी २०२६ रोजी सकाळी ८:३० ला सुटतं आणि रारोटोंगापर्यंत ४ तास घेतं. जानेवारी म्हणजे न्यूझीलंडचा उन्हाळा, म्हणून ऑकलंड यूटीसीच्या १३ तास पुढे.

१. निघण्याची वेळ यूटीसीत न्या. ऑकलंड पुढे आहे म्हणून १३ तास वजा करा. शनिवार सकाळी ८:३० मधून १३ तास गेले की शुक्रवार, ९ जानेवारी, संध्याकाळचे ७:३०.

२. त्यात विमानाचे तास मिळवा. ७:३० अधिक ४ तास, म्हणजे शुक्रवार रात्री ११:३०, अजूनही यूटीसीत.

३. पोहोचण्याच्या ठिकाणच्या वेळेत आणा. रारोटोंगा मागे आहे म्हणून १० तास वजा करा. शुक्रवार, ९ जानेवारी, दुपारी १:३०.

ऑकलंडच्या घड्याळाने विमान उतरलं तेव्हा शनिवारचे साडेबारा वाजले होते. तिथून रारोटोंगा २३ तास मागे, म्हणून शुक्रवारचा दीड. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं, की हिशोब बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

दुसऱ्या पायरीत नवखे हमखास चुकतात. प्रवासाचे तास तिकिटावर लिहिलेल्या कालावधीतूनच घ्या. पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करून ते काढू नका, कारण त्या दोन वेळा दोन वेगळ्या ठिकाणच्या आहेत. तिकिटावरची प्रत्येक वेळ आणि तारीख ही त्या त्या विमानतळाची स्थानिक असते. त्यामुळेच पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरांत -1 किंवा +1 दिलेलं असतं. -1 म्हणजे निघण्याच्या आदल्या तारखेला पोहोचणार, +1 म्हणजे दुसऱ्या दिवशी. बुकिंग करताना हा आकडा नजरेतून निसटतो, कारण तो वेळेपेक्षा लहान छापलेला असतो. खरं तर तोच मोठा हवा.

आदला दिवस की तोच दिवस?

वाररेषा पूर्वेकडे ओलांडणारा प्रत्येक जण आदल्या दिवशी उतरत नाही. बरेच जण त्याच तारखेला, पण निघण्याच्या वेळेआधी उतरतात. कोण कुठे पडणार हे एका वजाबाकीतून कळतं. दोन ठिकाणांच्या वेळेतल्या फरकातून विमानाचे तास वजा करा. जे उरतं त्याला आपण माघार म्हणू, कारण घड्याळ तितकं मागे जातं. निघण्याची वेळ (मध्यरात्रीपासून मोजलेली) माघारीपेक्षा कमी असेल तर आदला दिवस, जास्त असेल तर तोच दिवस.

ऑकलंड ते रारोटोंगा उन्हाळ्यात फरक २३ तास, विमान ४ तास, माघार १९. म्हणजे संध्याकाळी ७ च्या आत निघालेलं प्रत्येक विमान आदल्या दिवशी उतरणार. दिवसाची जवळपास सगळी उड्डाणं यात आली, आणि म्हणूनच हा मार्ग समजून घ्यायला सर्वांत चांगला.

टोकियो ते होनोलुलू फरक १९ तास, विमान साधारण ७ तास, माघार १२. टोकियोहून रात्री ९ ला निघालात तर त्याच तारखेला सकाळी ९ ला होनोलुलूत. मध्यरात्र उलटून निघालात तर मात्र आदल्या दिवशी. सिडनी ते लॉस एंजेलिस डिसेंबरमध्ये फरक १९ तास, पण विमान साडेतेरा तासांच्या आसपास, म्हणून माघार फक्त साडेपाच तास. आदली तारीख मिळवायची तर पहाटे साडेपाचच्या आत निघायला हवं, आणि सिडनीच्या विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणांवर निर्बंध असतात. त्यामुळे या मार्गावर सकाळी १० ला निघून त्याच दिवशी पहाटे साडेचारला पोहोचण्याचा चमत्कार होतो, पण आदला दिवस पदरात पडत नाही. थोडक्यात, प्रवास जितका लांब तितकी माघार कमी. हवेत घालवलेले तास त्या २४ तासांतूनच कापले जातात.

माघारीचा आकडा वर्षभर सारखा राहीलच असं नाही. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. रारोटोंगात असं काही होत नाही. त्यामुळे जूनमध्ये फरक २२ तासांचा, आणि सकाळी ८:३० चं तेच विमान आदल्या दिवशी दीडला नाही तर अडीचला उतरतं. एप्रिलच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या शेवटी प्रवास असेल तर प्रवासाच्या तारखेची तफावत पाहा, बुकिंगच्या दिवसाची नव्हे.

बुकिंग कुठे बिनसतं

आपल्या उदाहरणातला प्रवासी १० तारखेला निघतोय, म्हणून हॉटेलचं बुकिंग १० पासून करतो. ९ तारखेला दुपारी दीडला तो बेटावर उतरतो आणि त्या रात्रीसाठी खोली नसते. हॉटेल भरलेलं असेल तर दुसरं शोधा. हॉटेल, भाड्याची गाडी, पुढचं छोटं विमान, सगळं पोहोचण्याच्या तारखेने घ्या. एकाच तिकिटातल्या जोडविमानाची काळजी कंपनीची यंत्रणा घेते, पण पुढचं विमान वेगळं काढलं असेल तर ती जबाबदारी तुमची.

उलट प्रवासात उलटी चूक होते, आणि ती जास्त महाग पडते. समजा परतीचं विमान रारोटोंगाहून शुक्रवार, १६ जानेवारीला दुपारी ३ ला सुटतं आणि साडेचार तास घेतं. यूटीसीत शनिवार पहाटे १, तिथून साडेचार तास म्हणजे ५:३०, आणि ऑकलंडमध्ये शनिवार, १७ जानेवारी, संध्याकाळी ६:३०. ऑकलंडमधलं हॉटेल १६ तारखेचं घेतलं असेल तर त्या रात्री तुम्ही येत नाही, तुम्हाला न आलेला पाहुणा धरून अख्खं बुकिंग रद्द होऊ शकतं, आणि १७ ला पोहोचाल तेव्हा खोली दुसऱ्याला गेलेली असते. आता हेच विमान रात्री ११:३० चं आहे असं समजा. हिशोब करून पाहा: ते १८ तारखेला, रविवारी पहाटे ३ ला उतरतं. तिकिटावर +2 दिसेल. साडेचार तासांच्या प्रवासात १७ जानेवारी हा दिवस तुमच्या वाट्याला फक्त हवेत, नावापुरता येतो. त्या दिवशी कुणाला भेटायचं कबूल केलं असेल तर तो शब्द पाळणं शक्य नाही.

रात्रींची मोजणी यातूनच सुटते. बेटावर ९ ला उतरलात आणि १६ ला निघालात, म्हणजे ७ रात्री. घरातून मात्र १० ते १७ असेच बाहेर होतात. दोन्ही खरं आहे. हॉटेलला बेटाची तारीख सांगा, घरच्यांना घरची.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाचा घोळ वेगळा. टोकियोहून शनिवार, १० तारखेला रात्री १२:३० ला सुटणारं विमान होनोलुलूत शुक्रवार, ९ तारखेला दुपारी साडेबाराला पोहोचतं. पण विमानतळावर जायचं ते शुक्रवारी, ९ तारखेच्या रात्री. तिकिटावर १० वाचून १० च्या रात्री पोहोचणाऱ्याचं विमान जवळपास चोवीस तास आधीच गेलेलं असतं. वाररेषा असो वा नसो, ही चूक होते. इथे मात्र तारखांच्या गोंधळात ती आणखी सहज होते, कारण प्रवाशाचं सगळं लक्ष उतरण्याच्या तारखेवर असतं.

परवानगीची कागदपत्रं नीट पाहा. प्रवेशाची परवानगी किंवा प्रवास विमा १० तारखेपासून सुरू होत असेल आणि तुम्ही ९ तारखेला दारात उभे असाल, तर कागदावर तुम्ही एक दिवस लवकर आलेले आहात. अर्जात पोहोचण्याची तारीख विचारली असेल तिथे स्थानिक तारीख लिहा. विमा कोणत्या ठिकाणच्या तारखेने सुरू होतो हे कंपनीला विचारून घ्या, किंवा सरळ एक दिवस आधीपासून घ्या. दोन्ही टोकांना शिक्के मारत असतील तर पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का निघण्याच्या शिक्क्याच्या आदल्या तारखेचा दिसेल. त्यात काही गैर नाही.

रोजची औषधं तारखेने नाही, तासांनी मोजा. शनिवारी सकाळी ७ ला गोळी घेऊन शुक्रवारी दुपारी उतरलात, तर 'आज शुक्रवार, आजची गोळी राहिली' असं मनात येतं आणि गोळी दुहेरी होते. शेवटच्या डोसपासून किती तास झाले ते पाहा. इन्सुलिनसारख्या औषधांचं वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

फोन उतरल्यावर नेटवर्क मिळताच वेळ बदलतो, पण त्यातल्या दिनदर्शिकेच्या नोंदीही बरोबर सरकतात. ऑकलंडच्या घरी बसून 'हॉटेल, दुपारी २' असं लिहिलं आणि ठिकाणाचा कालविभाग निवडला नाही, तर बेटावर ती नोंद आदल्या दिवशी दुपारी ३ ला दिसेल. नोंद करतानाच Pacific/Rarotonga निवडा. नाहीतर कागदावर लिहा. कागद सरकत नाही.

अवघ्या अर्ध्या-पाऊण तासात एक दिवस

या सगळ्याचं टोक पाहायचं तर सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, विमान अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि फरक बरोबर २४ तासांचा. घड्याळाला हात लावावा लागत नाही, फक्त तारीख बदलते. माघार तेवीस तासांहून जास्त, म्हणून मध्यरात्रीच्या तोंडावर निघालात तरच काय तो अपवाद, एरवी कधीही निघा, आदल्याच दिवशी उतराल.

इथे तारखेपेक्षा वार जास्त नडतो. आपियाहून सोमवारी सकाळी कामासाठी निघालात तर पागो पागोत रविवारी सकाळी उतराल, आणि रविवारी तिथे बहुतेक दारं बंद. सोमवारचं काम असेल तर मंगळवारी निघा. परतताना पागो पागोहून शनिवारी सुटलात की आपियात थेट रविवार.

दोन्ही सामोआंची तारीख पूर्वी एकच होती. १८९२ साली सामोआने ४ जुलै दोनदा पाळून अमेरिकेची बाजू धरली होती. पुढे व्यापार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी वाढला आणि गैरसोय सुरू झाली: सामोआत शुक्रवार तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी, सामोआत रविवार तेव्हा तिकडे सोमवारचं काम. आठवड्यातले दोन दिवस असेच वाया जायचे. म्हणून २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्री देशाने ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळला आणि थेट शनिवारी पाऊल ठेवलं. अमेरिकन सामोआ होतं तिथेच राहिलं. त्याआधीचा नकाशा किंवा प्रवासपुस्तक हाताशी असेल तर सामोआ रेषेच्या चुकीच्या बाजूला दिसेल. शिवाय २०२१ मध्ये सामोआने उन्हाळी वेळही बंद केली, त्यामुळे बरीच वर्षं अद्ययावत न केलेला फोन तिथे उन्हाळ्यात एक तास पुढची वेळ दाखवू शकतो. शंका आली तर विमानतळावरचं घड्याळ पाहा, आणि घड्याळाबरोबर वारही विचारून घ्या.